ड्राय बाल्कनीतला हरवलेला पॉइंट

पुणे-पिंपरीकडच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराला लागून एक अरुंद पट्टा असतो. रुंदी जेमतेम तीन-साडेतीन फूट, समोर ग्रिल, कोपऱ्यात वरून खाली गेलेले दोन-तीन पाइप. याला सगळे ड्राय बाल्कनी म्हणतात. कपडे वाळत घालायचे, बाईने भांडी घासायची आणि वॉशिंग मशीन ठेवायचं, यासाठीच ती असते. सँपल फ्लॅटमध्ये तिथे मशीन थाटात उभंही असतं. त्याच्या मागे वाकून पाहणारे मात्र थोडे. पाहिलं असतं तर कळलं असतं, की त्या मशीनचा पाइप बऱ्याचदा कशालाच जोडलेला नसतो.

पुढे ताबा घ्यायची वेळ येते. माणसं टाइल्स ठोकून बघतात, दारं उघडझाप करतात, बाथरूमचे नळ सोडून बघतात. ड्राय बाल्कनीत एक दिवा असतो, सॉकेट असतो आणि तेवढ्यावर समाधान होतं. महिन्याभराने मशीनवाला येतो, पाइपची गुंडाळी हातात धरून विचारतो, ‘पाणी कुठून घेऊ? सोडू कुठे?’ तेव्हा लक्षात येतं, की भिंतीत ना नळ आहे, ना ड्रेन. त्या संध्याकाळी बिल्डरला जो ईमेल जातो तो साधारण एका ओळीचा असतो: वॉशिंग मशीनचा पॉइंट दिलेला नाही, तरी लवकर करून द्यावा.

या ओळीला साइटवरून उत्तर येतं, ‘नहाणी ट्रॅप आहे ना, त्यात पाइप सोडा.’ की संपलं प्रकरण. तक्रार खरी असूनही फसते, कारण काय नाही, ते कुठे कबूल केलं होतं आणि कसं करून हवं आहे, या तिन्ही गोष्टी त्या ओळीत नसतात. त्या कशा घालायच्या हे पाहण्यासाठी एक कल्पित फ्लॅट घेऊ. सातवा मजला, बी-704, ड्राय बाल्कनी साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, घरच्यांनी घेतलेलं मशीन फ्रंट लोड.

पहिलं काम कपाटातल्या फाइलमधलं. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या करारनाम्याला जोडपत्रं असतात आणि त्यातल्या एकात फ्लॅटमध्ये काय काय मिळणार याची यादी असते. टाइल्सचा आकार, नळांचा दर्जा, कुठल्या खोलीत किती विजेचे पॉइंट, वगैरे. बहुतेक लोक ही पानं सही करतानाच शेवटची पाहतात. बी-704 च्या यादीत एक ओळ सापडते: ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी पाणी, निचरा व वीज यांची सोय. ही ओळ असली तर प्रश्न मेहेरबानीचा राहत नाही. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे कारागिरीत, दर्जात, सेवा पुरवण्यात किंवा करारातल्या इतर जबाबदाऱ्यांत राहिलेली उणीव ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रवर्तकाच्या नजरेला आणून दिली, तर ती त्याने 30 दिवसांत, वेगळे पैसे न घेता दूर करायची आहे. नाही केली तर भरपाईचा हक्क उभा राहतो. याच कलमात असंही आहे, की कबूल केलेल्या फिटिंग आणि सोयी ग्राहकाच्या पूर्वसंमतीशिवाय बदलायच्या नाहीत. म्हणजे ‘डिझाइन बदललं’ हे उत्तर एकट्याने पुरेसं नाही.

ओळ नसली तर? मग माहितीपत्रक काढायचं. त्यातल्या फ्लॅटच्या आराखड्यात ड्राय बाल्कनीत एक छोटा चौकोन आणि त्यात गोल काढलेला असतो. ती मशीनची खूण. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झालं, तर कलम 12 भरपाईचा रस्ता देतं. हा रस्ता पहिल्याइतका सरळ नाही. आराखड्याखाली बारीक अक्षरात ‘फर्निचर केवळ मांडणी दाखवण्यासाठी’ असं छापलेलं असतं आणि त्या वाक्याच्या आड बिल्डर उभा राहतो. त्यामुळे या स्थितीतल्या ईमेलचा सूर दाव्याचा नसावा. पान जोडावं, सँपल फ्लॅटचा फोटो असेल तर तोही जोडावा आणि सोय करून मागावी. आणि कुठेच काही लिहिलेलं नसेल, तर ते सरळ जादा काम आहे. तिथे कायद्याची कलमं टाकून धमकी दिली, की साइट इंजिनिअर ज्या गोष्टी आपणहून केल्या असत्या त्याही करत नाही. अशा वेळी खर्चाचं कोटेशन मागणं जास्त शहाणपणाचं.

दुसरं काम टेप घेऊन करायचं. मशीनचा पॉइंट म्हणजे तीन वेगळ्या सोयी. विजेची बघायला सर्वांत सोपी. पाणी तापवणारं फ्रंट लोड मशीन साधारण 2000 वॅट खेचतं, म्हणून 16 अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट हवा. मोबाइल चार्जरचा 6 अँपिअरचा सॉकेट चालणार नाही. बी-704 मध्ये मोठा सॉकेट आहे. तेव्हा ईमेलमध्ये तेही कबूल करायचं: वीज दिली आहे, उरलेल्या दोन सोयी नाहीत. उलट तो सॉकेटच पुरावा आहे, की इथे मशीन बसवायचं ठरलं होतं.

पाण्याच्या बाजूला गुंता थोडा जास्त. मशीनच्या आतल्या पाइपच्या टोकाला पाऊण इंची आट्यांची चकती असते. तिला तशाच आट्यांचा नळ लागतो. बाजारात त्याला वॉशिंग मशीन कॉक म्हणतात. भिंतीतली लाइन अर्धा इंचीच असते, पण कॉकचं तोंड वेगळं. बिल्डरने बादली भरायचा साधा नळ लावून दिला, तर त्यावर चार स्क्रूंनी घट्ट करायचा जोड बसवावा लागतो. तो जोड काही दिवस टिकतो आणि मग एखाद्या दुपारी, घरात कोणी नसताना, दाबाने निसटतो. म्हणून ईमेलमध्ये ‘नळ’ असं मोघम लिहू नये. उंचीही लिहावी. मशीन साधारण 85 सेंटिमीटर उंच असतं, तेव्हा कॉक एक मीटरच्या वर असला तर तो मशीनच्या मागे दडत नाही आणि गावाला जाताना हाताने बंद करता येतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दर दहा मीटर उतरलं की साधारण एक बार दाब तयार होतो. टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल तर नळाला दाब 0.3 बार, आणि बऱ्याच मशीनांना त्याहून जास्त लागतो. आकडा मशीनच्या पुस्तिकेत छापलेला असतो. एलजीच्या मशीनवर IE असं दिसलं तर पाणी नीट आत येत नाही असं समजायचं. सातव्या मजल्यावर, वर आणखी चार-पाच मजले असताना, ही अडचण सहसा नसते.

खरा वाद ड्रेनवर होतो, कारण ‘नहाणीत सोडा’ हे उत्तर अर्धं बरोबर आहे. टॉप लोडच्या काही मशीनांत पाणी उपसायला पंप नसतो. पाणी आपल्या वजनाने उतरतं, म्हणून त्यांचा पाइप जमिनीवरच लोळायला हवा. सेमी-ऑटोमॅटिकचंही तेच. अशांना लादीतली नहाणी उत्तम. त्यांना भिंतीत दोन फुटांवर ड्रेन दिला तर पाणी चढणारच नाही. फ्रंट लोडमध्ये मात्र पंप असतो आणि उत्पादक सांगतात, की पाइप साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर नेऊन मग सोडा. मागच्या बाजूला पाइप वर अडकवायची एक खाच असते ती त्यासाठीच. त्या खाचेतून नेलेला पाइप नहाणीच्या जाळीवर सैल ठेवला तर काम भागतं. पण पाइप हलतो, उसळतो, म्हणून लोक जाळी काढून तो आत खुपसतात, वर कापड कोंबतात. हवा जायला जागा उरली नाही की सायफन सुरू होतो. मशीन पाणी भरतं आणि ते त्याच वेळी पाइपवाटे खाली निघून जातं. ओळखायची खूण अशी: धुणं सुरू होऊन बराच वेळ झाला तरी पाण्याचा आवाज थांबत नाही, काचेतून पाणी दिसत नाही आणि नहाणीत मात्र स्वच्छ पाण्याची धार चालू असते.

म्हणून फ्रंट लोडसाठी भिंतीलगत उभा, तोंड उघडा पाइप मागायचा. मशीनचा पाइप त्यात साधारण वीतभर सोडायचा आणि भोवती फट राहू द्यायची. उभ्या पाइपच्या तळाशी पाण्याचा ट्रॅप हवा. त्यात कायम साचून राहणारं दोन इंचभर पाणी गटाराची दुर्गंधी आणि झुरळं अडवतं.

आता प्रश्न उरतो, हे पाणी नेऊन सोडायचं कुठे. ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या पाइपांपैकी एक सांडपाण्याचा असतो आणि एक पावसाच्या पाण्याचा. पावसाचा पाइप बऱ्याचदा हाताशी असतो, त्यात भोक पाडून जोड देणं अर्ध्या तासाचं काम, आणि घाईत असलेला प्लंबर नेमकं तेच सुचवतो. हे मान्य करू नये. पावसाचा पाइप सांडपाण्याच्या चेंबरला जात नाही. तो पावसाळी गटाराला जातो, आणि जिथे पर्जन्यजल संधारण केलेलं आहे तिथे बोअरवेलजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात. म्हणजे सातव्या मजल्यावरचं साबणाचं पाणी सोसायटीच्याच बोअरमध्ये. शिवाय मुसळधार पावसात तो पाइप वरूनच भरून येतो आणि पाणी उलटं मशीनकडे चढू शकतं. कोणता पाइप कोणता हे गच्चीवर जाऊन कळतं: पावसाचा पाइप गच्चीच्या उतारावर जाळीपाशी सुरू होतो, तर सांडपाण्याचा पाइप गच्चीच्याही वर उठून टोपी घालून उभा असतो. शंका राहिलीच तर वरून थोडं रंगीत पाणी सोडायचं आणि खाली कुठल्या चेंबरचं झाकण उघडल्यावर ते दिसतं ते पाहायचं.

बी-704 मध्ये सांडपाण्याचा पाइप मशीनच्या जागेपासून 1.8 मीटरवर आहे. आडव्या पाइपला दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार दिला तर एकूण उतार साडेचार सेंटिमीटर होतो. ट्रॅप लादीपासून थोडा वर बसवला, तर हा सगळा पाइप भिंतीलगत, लादी न फोडता नेता येतो आणि तिरक्या जोडाने उभ्या पाइपला मिळवता येतो. दिसायला थोडं बेंगरूळ, पण सुरक्षित.

या सुरक्षिततेला महत्त्व आहे, कारण दुसरा पर्याय स्लॅबमधून भोक पाडण्याचा असतो. एक तर त्यामुळे लादीखालचं वॉटरप्रूफिंग तुटतं, आणि पाइप खालच्या शेजाऱ्याच्या छताला लटकतो. सहाव्या मजल्यावरचं कुटुंब ते का सहन करील? दुसरं म्हणजे आज अनेक इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओततात; साइटवर त्याला मायवान म्हणतात. तिथे विटेची भिंतच नसते, भिंतही सळईच्या काँक्रीटची असते. तिच्यात पाइप दडवण्यासाठी खाच मारली की सळई कापली जाते. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत जे काम एका दिवसात होतं, ते इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करूच नये. ताणलेल्या तारांचा स्लॅब असेल तर भोक पाडण्याचा विचारही त्याच्या नकाशाशिवाय नको. ग्राहकाने भिंत कुठली आहे हे ओळखायची गरज नाही. ईमेलमध्ये एवढंच विचारायचं: काम कसं करणार, आणि कुठे कापणार?

एवढं हाताशी आल्यावर ईमेल लिहायला वेळ लागत नाही. विषयाच्या ओळीत भावना नको, फ्लॅट नंबर हवा. बी-704 साठी तो असा होईल:

‘विषय: बी-704, ड्राय बाल्कनी: वॉशिंग मशीनसाठी पाणी व ड्रेनची सोय नाही.

सन्माननीय महोदय, आमच्या नोंदणीकृत करारनाम्याच्या सोयींच्या जोडपत्रात ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी पाणी, निचरा व वीज अशी सोय नमूद आहे. ते पान सोबत जोडले आहे. ताब्याच्या दिवशी पाहणी केली असता 16 अँपिअरचा सॉकेट आढळला, मात्र पाण्याची लाइन व ड्रेन यांपैकी काहीही आढळले नाही. टेप धरून काढलेले चार फोटो जोडले आहेत. आमचे मशीन पंपाचे, फ्रंट लोड आहे. कृपया (1) लादीपासून सुमारे 110 सेंटिमीटर उंचीवर पाऊण इंची आट्यांचा वॉशिंग मशीन कॉक आणि (2) सुमारे 75 सेंटिमीटर उंचीचा उघड्या तोंडाचा उभा ड्रेन पाइप, ट्रॅपसह, सांडपाण्याच्या लाइनला जोडून द्यावा. पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोड देऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी पाइप कोणत्या मार्गाने जाईल आणि कोणती भिंत अथवा स्लॅब कापावा लागेल का, हे लेखी कळवावे. रेरा कायद्याच्या कलम 14 (3) नुसार ही सूचना समजावी व 30 दिवसांत काम पूर्ण करावे. पाहणीसाठी शनिवार-रविवार आम्ही घरी आहोत.’

यात बिल्डरने फसवल्याचा आरोप नाही, ‘मानसिक त्रास’ नाही, सोसायटीतल्या इतर बारा तक्रारीही नाहीत. लिफ्टचा आवाज आणि पार्किंगची रेघ याच ईमेलमध्ये घातली, की उत्तर पार्किंगवर येतं आणि ड्रेन राहून जातो. शनिवार-रविवारची ओळ अनेकांना फालतू वाटेल, पण ‘आम्ही आलो होतो, घर बंद होतं’ हे उत्तर तिच्यामुळे टळतं.

ईमेल पाठवायचा कुणाला, इथेही घोळ होतो. विक्रीच्या वेळी गोड बोलणाऱ्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणं म्हणजे सूचना दिली असं होत नाही. तो माणूस तोवर दुसऱ्या प्रकल्पात गेलेला असतो. करारनाम्यात नोटिशीबद्दल एक कलम असतं आणि त्यात दोन्ही पक्षांचे पत्ते व ईमेल दिलेले असतात. त्याच पत्त्यावर ईमेल जायला हवा, साइट इंजिनिअरला प्रत, आणि तेच पत्र पोचपावती मिळेल अशा पोस्टाने. पाच वर्षांची मुदत ताब्यापासून मोजली जाते, म्हणून ताब्याच्या पत्राची तारीखही कुठेतरी नोंदलेली असावी.

ताबा अजून घ्यायचा असेल तर परिस्थिती जास्त चांगली. टाइल्स लागण्याआधी लाइन टाकायला गवंडी आणि प्लंबर साइटवरच असतात. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ‘सर्व काम समाधानकारक’ अशा छापील कागदावर सही करताना उणिवांच्या यादीत हा पॉइंट हाताने लिहून त्यावर इंजिनिअरची सही घ्यायची. आणि या एका कारणासाठी ताबाच नाकारून बसायचं नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणं हे रेरा कायद्याने ग्राहकाचंच कर्तव्य ठरवलं आहे. हक्क राखून ताबा घेता येतो.

तीस दिवस गेले आणि काही झालं नाही, तर महारेराच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते. फी पाच हजार रुपये. एका ड्रेन पाइपसाठी एवढं करावं का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. बाहेरच्या प्लंबरचं कोटेशन त्याहून कमी येईल. बऱ्याचदा एकाखाली एक असलेल्या सगळ्या फ्लॅटमध्ये हाच पॉइंट राहिलेला असतो, कारण नकाशातच तो सुटलेला असतो. अशा वेळी ए, बी, सी विंगमधले दहा-पंधरा जण स्वतंत्र पण सारख्या मजकुराचे ईमेल पाठवतात, तेव्हा बिल्डरला प्लंबर एकदाच पाठवणं परवडतं. महारेरात मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या ग्राहक संघटना आणि बिल्डरांच्या संघटना यांनी मिळून चालवलेला सलोखा मंचही आहे. समोरचा पक्ष तयार असेल तर तिथे सुनावणीआधीच निकाल लागतो.

काम झालं की मशीन लावायच्या आधी त्याची परीक्षा घ्यावी. वीस लिटरची बादली मिनिटाभरात उभ्या पाइपात ओतायची. मशीनचा पंप जवळपास याच वेगाने पाणी फेकतो. पाणी तोंडाशी फुगलं तर उतार कमी आहे किंवा जोड अरुंद आहे. कॉक बंद ठेवून लाइनमध्ये पाणी भरलेलं राहू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी जोडांवरून कोरडा कागद फिरवायचा. ओला झाला तर प्लंबरला परत बोलवायचं. लादी फोडली असेल तर तो भाग बांध घालून किमान चोवीस तास पाण्याने भरून ठेवायला सांगायचं, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचं. हे सगळं ठीक असेल तर फोटोंसह आणखी एक छोटा ईमेल त्याच पत्त्यावर: काम अमुक तारखेला पूर्ण झालं, पाइप अमुक मार्गाने गेला आहे, लाइन सांडपाण्याला जोडली आहे. उद्या सहाव्या मजल्याच्या छतावर ओल आली, तर पाइप कुठून जातो हे कुणालाच आठवत नसेल तेव्हा तो ईमेल उपयोगी पडतो.